सव्वानऊ ते दहा: कंपवाताच्या घरातला संसार

सुरुवातीलाच सांगायला हवं की हे प्रकरण कुठल्याही एका घराचं नाही. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असलेल्या घरांमधून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका जोडप्यात गुंफल्या आहेत. त्यांना आपण काका आणि काकू म्हणू.

काका ६४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काकू ५९. पुण्यात सिंहगड रस्त्याला दोन बेडरूमचं घर, मुलगी बंगळूरला. निदान होऊन सात वर्षं झालीत. काका घरात धरून-धरून चालतात, जेवतात आपल्या हाताने, पण शर्टाची बटणं, अंघोळ आणि पलंगावरून उठणं यांना माणूस लागतो. सात वर्षं तो माणूस म्हणजे काकू.

काकूंची तक्रार अशी: "हे माझ्याकडे बघतात ते भिंतीकडे बघावं तसं. आमटी कशी झालीय विचारलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही." काकांचं म्हणणं हळू आवाजात आणि थांबत-थांबत आलं: "घरात सुपरवायझर आहे. बायको कुठे आहे?"

दोघांचंही खरं होतं, आणि दोघांनीही त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

आठवडाभराची वही

समुपदेशनाआधी एक काम दिलं. शाळेची दोनशे पानी वही घ्यायची, दिवसाला एक पान. डाव्या बाजूला गोळीची वेळ, खाण्याची वेळ आणि काकांचं शरीर कधी मोकळं, कधी जखडलेलं. उजव्या बाजूला दोघं एकमेकांशी काय बोलले ते, जमेल तेवढं. सगळं लिहायचं नाही, एवढंच नोंदवायचं की वाक्य सूचनेचं होतं की गप्पांचं.

उजवी बाजू वाचायला अवघड गेली. एका मंगळवारी काकूंची ४३ वाक्यं नोंदली होती आणि त्यातली ३८ सूचना होत्या. गोळी घेतलीत का, पाय उचला, वाकू नका, पाणी प्या, लाळ पुसा. उरलेल्या पाचांतली दोन मुलीच्या फोनबद्दल. काकांची सबंध दिवसात नऊ वाक्यं होती. बोलण्यातला गोडवा कुठे गेला हे शोधण्यासाठी याहून खोल जायची गरज नव्हती.

उपयोगाची मात्र डावी बाजू ठरली. लेव्होडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी. ती पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात चढते आणि आजार काही वर्षं जुना झाला की तीनेक तासांत उतरायला लागते. काकांच्या गोळ्या सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ ला. म्हणजे शरीर मोकळं असण्याचे तुकडे दिवसाला तीन-चारच. घरातल्या भाषेत मोकळं म्हणजे "ऑन" आणि जखडलेलं म्हणजे "ऑफ". वहीत दिसलं की सकाळचा ऑन कधी नऊला सुरू होत होता, कधी होतच नव्हता. कारण गोळी पेलाभर दुधाबरोबर घेतली जायची आणि लगेच उकडलेलं अंडं. लेव्होडोपा आणि प्रथिनांचे घटक आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच दारातून जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. काकूंना वाटायचं रिकाम्या पोटी गोळी नको, आणि ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे.

गोळी सातला पाण्याबरोबर आणि नाश्ता साडेसातला, एवढा बदल केला. मळमळ व्हायची म्हणून गोळीसोबत एक साधं बिस्कीट. डाळ, पनीर, अंडी यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात. प्रथिनं कमी करायची नव्हती, फक्त त्यांची वेळ हलवायची होती. आहारतज्ज्ञाला विचारून. प्रथिनं सरसकट तोडली की वजन घटतं. दहा दिवसांत सकाळचा ऑन पावणेआठ ते सव्वादहा असा बऱ्यापैकी ठरल्या वेळी यायला लागला.

संसाराच्या लेखात गोळ्यांचं वेळापत्रक कशाला, असं वाटेल. पण कंपवातात नवऱ्याचं बोलणं, हसणं, स्पर्श करणं हे सगळं त्या ऑनच्या तुकड्यांतच शक्य असतं. आणि काकूंच्या घरात ते तुकडे अंघोळ, बँक, भाजी आणि फिजिओथेरपीत संपत होते. काकूंना काका भेटायचे ते ऑफमध्ये.

अंघोळ कुणी घालायची

सकाळच्या ऑनमधला तासभर अंघोळीत जायचा आणि भांडणंही तिथेच व्हायची. काकूंची पाठ दुखायची, काकांना लाज वाटायची, दोघंही चिडायचे. शिवाय ज्या बाईने आत्ता आपल्याला धुऊन पुसून काढलं, तिच्याशी पाऊण तासाने नवरा म्हणून कसं वागायचं, हे काकांना जमत नव्हतं. असं कुणी मोकळेपणी बोलत नाही, पण विचारलं की बहुतेक पुरुष हेच सांगतात.

म्हणून ब्युरोमार्फत रोज सकाळी ८ ते १० पुरुष मदतनीस ठेवायचं ठरलं. काकांनी ठाम नकार दिला: "परका माणूस अंगाला हात लावणार नाही." तोडगा असा निघाला की पहिला आठवडा मदतनीस फक्त दाढी करायला आणि फिरवायला येईल, अंघोळ दुसऱ्या आठवड्यापासून.

पहिला मदतनीस अकराव्या दिवशी सोडून गेला. काकू बाथरूमच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या, पाणी असं नाही, पाठ आधी, स्टूल तिकडे. त्या मुलाला काम करणं अशक्य झालं, आणि काकांचे पाय उंबऱ्याशी जास्तच गोठायला लागले. कुणी घाई केली किंवा एकदम दोन सूचना दिल्या की कंपवातात पाऊल जमिनीला चिकटतं, हे काकूंना माहीत होतं, पण सवयीला माहीत नव्हतं. दुसऱ्या मदतनिसाच्या वेळी दोन गोष्टी केल्या. सूचनांचा एक कागद बाथरूमच्या दाराला चिकटवला: आधी बसवा, मग पाणी, उंबऱ्यावर रंगीत पट्टी आहे तिच्यावरून पाय टाकायला सांगा. आणि आठच्या ठोक्याला काकू घराबाहेर, पाऊण तास चालायला. पहिले चार दिवस त्या सोसायटीच्या फाटकाशीच घुटमळत होत्या. पाचव्या दिवशी कालव्यापर्यंत गेल्या.

पैशाचा प्रश्न खरा होता. मुलगी दर महिन्याला जी फळं, सुकामेवा आणि कपडे पाठवायची ते बंद करून तेवढे पैसे मदतनिसाला वळवले. नातेवाईकांना मदत करायची असते तेव्हा ते वस्तू देतात. नेमकी गरज सांगितली की बरेचदा वळतात.

अशा रीतीने सव्वानऊ ते दहा हा वेळ मोकळा झाला. काका न्हाऊन, गोळी चढलेली, मदतनीस कपडे वाळत घालून घर आवरणारा. या पाऊण तासाला एकच नियम होता, काकूंनी सूचना द्यायची नाही. काका वाकले, सांडलं, शर्टाला डाग पडला तरी नाही. पडण्याचा धोका दिसला तर तेवढा अपवाद.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द सुंदर आहेत आणि त्यांनी पुष्कळ घरांना मान दिला. पण चोवीस तास शुभंकर राहिलं की त्या पदाखाली बायको सापडत नाही. सव्वानऊला पद खाली ठेवायचं, असं काकूंना सांगितलं.

न हलणारा चेहरा

हा पाऊण तास पहिल्या आठवड्यात फसला. दोघं समोरासमोर बसले, चहा प्यायले, आणि काकू रडत आत गेल्या. काकांचा चेहरा तसाच होता.

कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आपसूक हलत नाहीत. हसू येतं, पण ओठांपर्यंत पोचत नाही. पापण्या कमी लवतात, त्यामुळे नजर रोखलेली वाटते. आत भावना आहेत, बाहेर पाटी कोरी. माणसाचा मेंदू समोरच्या चेहऱ्यावरून प्रेम, राग, कंटाळा वाचतो आणि तिथे काही नसलं की "याला माझं काही नाही" असं वाचतो. हे ज्ञान काकूंना डॉक्टरांनी दिलेलं होतं. पण तीस वर्षं जो चेहरा वाचला तो वाचायचा थांबवणं नुसत्या माहितीने होत नाही. पर्यायी खूण लागते.

काकांना चेहऱ्याऐवजी शब्द वापरायला सांगितले. आवडलं तर "आवडलं" म्हणायचं, हसू आलं तर "हसू आलं" म्हणायचं. ऐकायला विचित्र, आणि काकांनाही पहिल्यांदा तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटलं. बोलणं जमत नसेल तेव्हा काकूंचा हात दोनदा दाबायचा. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी वहीत लिहिलं, "आज जोक सांगितला तर यांनी सरळ चेहऱ्याने 'हसू आलं' म्हटलं, आणि मलाच हसू आवरेना."

आवाजाचंही तसंच. काकांना स्वतःचा आवाज नेहमीएवढा वाटत होता, उलट जोरात बोललो तर ओरडल्यासारखं वाटायचं. काकू "अहो, काय म्हणालात?" असं दिवसात वीसदा विचारायच्या, म्हणून काकांनी बोलणंच कमी केलं. इथे वाणी-उपचार लागतो. एल.एस.व्ही.टी. लाउड या पद्धतीत आठवड्याला चार दिवस, तासभर, असे चार आठवडे फक्त मोठ्याने बोलण्याचाच सराव असतो. काकांनी तो केला. सरावाआधीही तीन गोष्टींनी फरक पडला: टीव्ही बंद, काकूंनी स्वयंपाकघरातून न बोलता समोर येऊन बसणं, आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजणं. उत्तर सहाव्या-सातव्या आकड्याला यायचं. आजवर काकू तिसऱ्या आकड्याला दुसरा प्रश्न विचारत होत्या.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. काका स्वतःहून काही सुरू करत नाहीत. चला गॅलरीत बसू, असं ते म्हणणार नाहीत, नेलं तर आनंदाने बसतील. ही उदासीनता आजाराचाच भाग आहे. नैराश्यापेक्षा ती वेगळी. नैराश्यात माणूस दुःखी असतो, झोप-भूक बिघडते, "माझा भार झालाय" असं बोलतो, आणि त्यावर औषध चालतं. काकांमध्ये दुःख नव्हतं, फक्त ढकलणारा हात नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही तपासून ठरवलं. मग काकूंनी वाट पाहणं सोडलं. ठरल्या दिवशी ठरलेली गोष्ट: सोम-गुरु पत्ते, मंगळवारी जुन्या गाण्यांची वही, शुक्रवारी दोघांनी मिळून भाजी निवडणं. काकूंना हे सुरुवातीला शाळेचं वेळापत्रक वाटलं आणि बोचलंही. बोचणं अगदी गेलंय असं नाही.

म्हातारचळ नव्हे

चौथ्या भेटीत, काका बाहेर गेल्यावर, काकूंनी खरं दुखणं सांगितलं. गेलं दीड वर्ष काका रात्री रोज शरीरसंबंधाची मागणी करत होते, कधी पहाटेही. नाही म्हटलं की चिडत. शिवाय मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होते आणि तीस-चाळीस हजार गेले होते. या वयात म्हातारचळ लागला, असं समजून काकूंनी दातओठ खाऊन गप्प राहणं पसंत केलं होतं. मुलीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांपुढे नवरा शेजारी बसलेला, कसं बोलणार?

औषधांची यादी पाहिली. तीन वर्षांपूर्वी लेव्होडोपाबरोबर प्रॅमिपेक्सोल सुरू झालं होतं आणि नंतर मात्रा वाढवली होती. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी औषधं काही रुग्णांत इच्छेवरचा लगाम सैल करतात: जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं, वाढलेली कामेच्छा. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही हे दिसू शकतं, म्हणून कुणी त्याचा संबंध औषधाशी जोडत नाही. रुग्णाला स्वतःला ते गैर वाटतही नाही. हे ओळखायची खूण अशी की स्वभावात नसलेली गोष्ट, एकाहून अधिक बाबतींत, औषध वाढल्यानंतर. काकांनी आयुष्यात लॉटरीचं तिकीट काढलं नव्हतं.

काकूंनी न्यूरॉलॉजिस्टना चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि तपासणीआधी स्वागतकक्षात दिली. तोंडाने सांगायचं नसेल तर ही वाट सगळ्यांत सोपी. डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवलं. हे औषध घरच्या घरी एकदम थांबवायचं नसतं. तसं केलं तर भीतीचे झटके, घाम, तीव्र उदासी येऊ शकते. उतरवताना काकांच्या हालचाली थोड्या मंदावल्या, लेव्होडोपाची मात्रा जुळवावी लागली. दोन महिन्यांत रमी सुटली, रात्रीची मागणी ओसरली. काकांना कारण सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ते मी नव्हतो?" याचं सरळ उत्तर देता येत नाही. इच्छा त्यांचीच होती, लगाम औषधाने काढला होता.

पण दीड वर्षात काकूंचं शरीर शिकलं होतं की यांचा हात अंगावर आला म्हणजे पुढे कटकट आहे. औषध उतरलं तरी हात लागला की त्या आखडत. त्यामुळे तीन महिन्यांचा करार झाला, शरीरसंबंध पूर्ण बंद. त्याऐवजी सव्वानऊच्या वेळेत, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं स्पर्श, कपड्यांनिशी. एक दिवस काकूंनी काकांच्या तळहातांना कोमट तेल लावायचं, पुढच्या वेळी काकांनी काकूंच्या पावलांना. घड्याळात दहा मिनिटं झाली की थांबायचं, पुढे काही होणार नाही हे दोघांनाही ठाऊक. काकूंच्या पावलांना तेल लावण्याची पाळी महत्त्वाची होती. सात वर्षांत काकांनी काकूंसाठी काही केलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. हात कापत होते, तेल गादीला लागलं, म्हणून खाली जुनी सतरंजी आली.

तीन महिन्यांनंतर पुढचा प्रश्न उलटा निघाला. इच्छा दोघांची, पण काकांना ताठरता टिकत नव्हती. कंपवातात हे नेहमीचं. सिल्डेनाफिलसारखी गोळी मिळते, पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याला ती वर्ज्यच. शिवाय कंपवातात अनेकांचा उभं राहताच रक्तदाब घसरतो आणि ही गोळी तो आणखी उतरवते. काकांचा रक्तदाब झोपून आणि उभं राहून मोजला, फरक बराच होता, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. त्यांनी सकाळची वेळ, कुशीवर झोपून, आणि शेवट गाठायलाच हवा ही अट सोडून, जे जमलं ते ठेवलं. त्याविषयी त्यांनी वहीत काही लिहिलं नाही आणि विचारलंही गेलं नाही.

रात्रीची खोली

काकू दोन वर्षं हॉलमध्ये दिवाणावर झोपत होत्या. कारण काका झोपेत लाथा मारत, ओरडत, एकदा त्यांच्या कानशिलावर बुक्की बसली होती. स्वप्न पडताना शरीर एरवी निश्चल असतं. कंपवातात अनेकांची ती कळ बिघडते आणि माणूस स्वप्नातली मारामारी पलंगावर करतो. काकांना सकाळी काहीच आठवत नसे, आणि काकूंना वाटायचं मनात राग असणार. राग नव्हता. ज्यांच्या वाट्याला हे येतं त्यांनी पहिल्यांदा हेच समजून घ्यावं.

डॉक्टरांनी मेलाटोनिन दिलं. क्लोनाझेपामही यावर चालतं, पण ज्याचा तोल जातो त्याला रात्री बाथरूमला जाताना ते पाडू शकतं. डबल बेड विकून दोन सिंगल पलंग घेतले, मध्ये हातभर अंतर, टोकदार मेज बाहेर. काकांच्या कमरेखाली सॅटिनचा तुकडा, कूस बदलताना घसरायला सोपा. स्वप्नाची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यामुळे मारामारीही पहाटेकडे. म्हणून काकू साडेदहाला काकांच्या पलंगावर त्यांच्या शेजारी पडतात आणि काकांना झोप लागली की आपल्या पलंगावर जातात. हॉलमधला दिवाण आता मुलगी आली की तिच्यासाठी.

काकूंची झोप अजूनही तुटतेच, काकांना रात्रीतून दोनदा लघवीला उठवावं लागतं. आठवड्यातून एक रात्र मदतनीस थांबवायचं ठरलं होतं, ते पैशामुळे महिन्यातून दोन रात्रींवर आलं.

संध्याकाळही जमली नाही. तीनची गोळी सव्वासहाला उतरते आणि सातची चढायला पावणेआठ होतात. त्या दीड तासात एकत्र चहा, एकत्र मालिका, सगळं करून पाहिलं. काका जखडलेले, काकू थकलेल्या, आणि शेवट कुरबुरीत. आठ महिन्यांनी तो प्रयत्न दोघांनी सोडून दिला. आता सहा वाजता शेजारचे आजोबा काकांजवळ पेपर वाचत बसतात आणि काकू खाली बाकावर मैत्रिणींबरोबर. काकांची खुर्ची गॅलरीत अशी ठेवलीय की तिथून बाक दिसतो.